जोड्या लावताना पहिली जोडी कुठली?

"मॅडम, बायोलॉजीत जोड्या लावायचा प्रश्न आला की माझा हात थांबतो. सगळं वाचलेलं असतं, चारपैकी तीन तर नक्की येत असतात, तरी उत्तर चुकतं. एकेका प्रश्नाला तीन-तीन मिनिटं जातात. मी हे प्रश्न सोडूनच देऊ का?"

हे विचारणारी मुलगी औसा तालुक्यातली. लातूरच्या ट्यूशन एरियात खोली घेऊन राहते, नीटची तयारी करते. सोबत वडील आले होते. त्यांना वाटत होतं की मुलगी घाबरते, म्हणून चुकते. मलाही आधी तसंच वाटलं. पण भीतीबद्दल बोलण्याआधी मी तिची वही मागितली. चुकलेला प्रश्न समोर असला की पुष्कळदा निम्मं बोलणं वाचतं.

वहीतला प्रश्न वनस्पती संजीवकांचा होता. अ गटात चार नावं: (क) ऑक्सिन, (ख) जिबरेलिन, (ग) सायटोकायनिन, (घ) ॲब्सिसिक आम्ल. ब गटात चार कामं: (1) पानांचं म्हातारपण लांबवणं, (2) उसाच्या कांड्यांची लांबी वाढवणं, (3) पर्णरंध्रं बंद करणं, (4) शेंड्याचं वर्चस्व, म्हणजे क्लासमध्ये ज्याला एपिकल डॉमिनन्स म्हणतात ते.

खाली चार पर्याय होते. पहिला: क-2, ख-1, ग-4, घ-3. दुसरा: क-4, ख-2, ग-1, घ-3. तिसरा: क-4, ख-1, ग-2, घ-3. चौथा: क-3, ख-2, ग-1, घ-4.

तिने पहिल्या पर्यायावर खूण केली होती. मी म्हटलं, "कसं सोडवलंस ते मोठ्यानं सांग." ती वरून खाली निघाली. ऑक्सिनमुळे पेशी लांब होतात, म्हणून उसाची लांबी ऑक्सिनला दिली. मग जिबरेलिन. त्याच्यामुळे फळं झाडावर जास्त दिवस टिकतात हे तिनं वाचलं होतं, म्हणून म्हातारपण लांबवणं जिबरेलिनला दिलं. सायटोकायनिन आणि शेंड्याचं वर्चस्व हे दोन शब्द पुस्तकात एकाच वाक्यात पाहिल्याचं आठवत होतं, ते तिथं लागले. ॲब्सिसिक आम्ल आणि पर्णरंध्रं ही शेवटची जोडी उरली आणि ती तर तिला पाठच होती. "मग बरोबरच असणार," असं वाटून तिनं पुढचं पान उलटलं.

जी जोडी तिला सगळ्यात पक्की येत होती ती तिनं सगळ्यात शेवटी लावली, आणि जी जेमतेम पटत होती तिच्यापासून सुरुवात केली. लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर पहिल्याच माणसानं दुसऱ्याची चप्पल घातली तर पुढच्यांच्या वाट्याला काय येतं, तसं झालं. ऑक्सिननं जिबरेलिनची जागा घेतली, जिबरेलिननं सायटोकायनिनची, आणि सायटोकायनिनला ऑक्सिनची उरली. चूक एकाच ठिकाणी झाली, पण जोड्या तीन बिघडल्या.

एकास एक जोड्यांच्या प्रश्नात फक्त एकच जोडी कधी चुकू शकत नाही. चुकल्या तर निदान दोन चुकतात, कारण चुकीच्या जागी बसलेला कुणाची तरी जागा अडवून बसलेला असतो. "चारपैकी तीन येतात तरी उत्तर चुकतं," असं मुलं म्हणतात तेव्हा मी आता लगेच विचारते, "तीन खरंच येतात, की दोन येतात आणि तिसरी पटते?" तीन खरोखर बरोबर असतील तर चौथी आपोआपच बरोबर येते.

मग आम्ही तोच प्रश्न पुन्हा घेतला. तिला म्हटलं, "ब गटावर तळहात ठेव. आता ॲब्सिसिक आम्लाचं काम सांग." ती लगेच म्हणाली, "ताण पडला की पर्णरंध्रं बंद करतं." समोर काहीच दिसत नसताना जे तोंडातून येतं, ते पक्कं. ब गट वाचल्यावर "हो, असं असू शकेल" असं जे वाटतं, ते पक्कं नाही. कारण पेपर काढणाऱ्यानं त्या चार ओळी एकमेकींना शोभतील अशाच निवडलेल्या असतात. आपल्याला पटावं यासाठीच त्या तिथं असतात.

पण एवढ्यानं भागत नाही, उलटी बाजूही बघावी लागते. पर्णरंध्रं बंद करण्यावर अ गटातल्या आणखी कुणाचा दावा आहे का? नाही. दोन्ही बाजूंनी एकच दावेदार, म्हणून घ-3 पहिली पक्की. याउलट तिची पहिली जोडी बघा. उसाच्या लांबीवर ऑक्सिनही दावा सांगतं आणि जिबरेलिनही. दोन दावेदार असलेल्या ओळीला सुरुवातीला हात लावायचाच नाही.

घ-3 लागल्यावर तिनं पर्यायांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. फक्त चौथा पर्याय गळाला होता. असं होतंच. चार नावं चार कामांना लावायच्या 24 रीती असतात, एक जोडी पक्की झाली की 6 उरतात, दुसरी झाली की 2. पण कागदावर त्यातल्या चारच दिलेल्या असतात, आणि सगळ्यांना येणारी जोडी पेपर काढणारा मुद्दाम तीन पर्यायांत ठेवतो. म्हणून पहिल्या जोडीनं फार काही गळालं नाही तर घाबरायचं नाही. आता उरलेल्या पर्यायांत फरक कुठं आहे तेवढंच बघायचं. इथं क ला एका ठिकाणी 2 आहे आणि दोन ठिकाणी 4. म्हणजे पुढचा प्रश्न एवढाच उरला, की ऑक्सिनचं काम शेंड्याचं वर्चस्व की उसाची लांबी?

इथं ती पुन्हा अडली. इतका वेळ गप्प बसलेले तिचे वडील तेव्हा बोलले. तिला मी "शेंड्याचं वर्चस्व म्हणजे काय" असं विचारलं होतं आणि ती पुस्तकातली व्याख्या आठवत होती. ते म्हणाले, "अगं, तुरीचा शेंडा कशाला खुडतो आपण? खुडला नाही तर ती नुसती वर पळते, फांद्या धरत नाही." पेरणीनंतर दीडेक महिन्यानं तिनं स्वतः वडिलांबरोबर तासातासानं जाऊन शेंडे खुडले होते. शेंड्याच्या कोंबात ऑक्सिन तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूचे डोळे दाबून ठेवतं. शेंडा खुडला की हा दाब जातो आणि फांद्या फुटतात. सायटोकायनिन याच्या उलट काम करतं, बाजूच्या डोळ्यांना फुटायला मदत करतं. पुस्तकात ते दोन शब्द एका वाक्यात होते हे खरं, पण सायटोकायनिन तिथं वर्चस्व मोडणारं म्हणून आलं होतं. शब्द शेजारी दिसले म्हणून जोडी लावायची नसते, त्यांच्यामधलं क्रियापद काय आहे ते बघायचं. मला वाटतं, बायोलॉजीतल्या निम्म्या चुकीच्या जोड्या या एकाच कारणानं लागतात.

क-4 लागलं आणि पहिला पर्याय गेला. दुसरा आणि तिसरा उरला, फरक फक्त ख आणि ग मध्ये. उसावर जिबरेलिन फवारलं की कांड्या लांबतात आणि एकरी उत्पादन 20 टनांपर्यंत वाढतं, हे एनसीईआरटीत सरळ लिहिलेलं आहे आणि ते तिला येत होतं. मघाशी ऑक्सिननं जागा अडवल्यामुळे ते तिला आठवलंच नव्हतं. ख-2 बसलं, आणि पानांचं म्हातारपण लांबवणं सायटोकायनिनकडे आपोआप गेलं. उत्तर दुसरा पर्याय. घड्याळ लावलं नव्हतं, पण पहिल्यापेक्षा कितीतरी कमी वेळ गेला. शेवटच्या जोडीवर विचार करावाच लागला नाही.

प्रश्न सोडून द्यायचा की नाही, याचं उत्तरही इथंच आहे. नीटमध्ये 180 प्रश्नांना 180 मिनिटं असतात, त्यामुळे एका प्रश्नावर तीन मिनिटं खरंच परवडत नाहीत. बरोबरला 4 गुण, चुकीला 1 वजा. एकही जोडी पक्की नसेल तर पहिल्या फेरीत पुढं जावं. दोन पर्याय पक्क्या जोडीमुळे गळाले असतील आणि दोनच उरले असतील, तर मात्र सोडू नये. मिळाले तर 4 आणि गेला तर 1, हा व्यवहार आपल्या बाजूचा आहे. अट एकच: गाळलेले दोन पक्क्या जोडीनं गाळलेले असावेत, पटणाऱ्या जोडीनं नव्हे.

"उरलेली आपोआप लागते" यालाही मर्यादा आहे आणि ती मी तिला त्याच दिवशी दाखवली. त्याच ब गटात "फळं पिकवणं" अशी पाचवी ओळ जास्तीची घातली, तर तीन जोड्या लावूनही शेवटच्या नावासमोर दोन ओळी उरतात. तिथं शेवटची जोडी स्वतःच्या पायावर तपासावी लागते. किंवा रोग आणि डास यांचा प्रश्न घ्या. मलेरिया ॲनाफिलिसमुळे पसरतो, पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्ही एडिसमुळे. एकच उत्तर दोनदा वापरता येत असेल तर "ही जागा भरली" असं म्हणून कुणाला बाद करता येत नाही. म्हणून दोन्ही गटांतल्या ओळी आधी मोजायच्या आणि सूचना वाचायची. त्याला पाच सेकंद लागतात.

घरी करायला मी तिला एकच काम दिलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढायची. डावीकडे ज्याचा एकच दावेदार आहे ती कामं, उजवीकडे ज्यावर दोघं दावा सांगतात ती, आणि दोघांचीही नावं. परीक्षेत डावीकडच्यांपासून सुरुवात करायची, उजवीकडच्यांना शेवटी हात लावायचा.

तीन आठवड्यांनी ती एकटीच आली. वहीची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त भरली होती, आणि ते बघून मला बरं वाटलं. एका ओळीखाली तिनं लाल रेघ मारली होती: पानगळ. "मॅडम, हे इथिलीनच्या नावावर लावायचं की ॲब्सिसिकच्या? दोघांच्याही खाली लिहिलंय."

मी तिलाच विचारलं, "ब गटात आणखी काय दिलंय?"

तिनं बोट फिरवलं. फळं पिकवणं नव्हतं. पर्णरंध्रं बंद करणं होतं. "म्हणजे ॲब्सिसिक तिकडं गेलं," ती म्हणाली, आणि पानगळीपुढं इथिलीन लिहिलं.