नाव विचारलं नाही, म्हणजे सर्व्हे निनावी झाला का?

प्रश्न : मी बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'स्नॅक्सच्या जाहिराती आणि शाळकरी मुलांची खरेदी' या प्रोजेक्टसाठी मावशीच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना गूगल फॉर्म पाठवला. मावशी तिथे वर्गशिक्षिका आहे, तिनेच वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकली. 64 उत्तरं आली. नाव विचारलं नव्हतं; फक्त तुकडी, मुलगा की मुलगी, जन्मतारीख, सोसायटी आणि लकी ड्रॉसाठी मोबाईल नंबर. काकांची स्नॅक्सची एजन्सी आहे, त्यांना ही शीट हवी आहे. आता गाइड सर म्हणतात, पालकांची संमती कुठे आहे? डेटा वापरू की नको?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : हा डेटा वापरू नकोस, आणि काकांना तर अजिबात देऊ नकोस.

तुझी शीट उघड आणि कुठलीही एक ओळ घे. समजा तुकडीत 60 मुलं आहेत, त्यात 28 मुली. त्यातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या दोघी-तिघीच निघतील, आणि जन्मतारीख पाहिली की एकच उरते. ती कोण हे मावशी क्षणात सांगेल. म्हणजे नाव नसलं तरी माणूस ओळखू येतोच. शिवाय शेजारच्याच रकान्यात मोबाईल नंबर आहे, बहुतेक आईचा किंवा बाबांचा. अशा शीटला फार तर 'गोपनीय' म्हणता येईल, कारण कोण काय म्हणालं हे तुला कळतं आणि ते तू कुणाला सांगत नाहीस. उत्तर कुणाचं हे तुलाही कळत नसेल, तरच ते 'निनावी'. फॉर्मवर तू यातलं कोणतं वचन दिलं होतंस, ते तपास.

संमतीचा दोष याहून मोठा आहे. वर्गशिक्षिकेने ग्रुपवर टाकलेली लिंक मुलांना गृहपाठासारखीच वाटते. नको म्हणायची सोय राहत नाही. आपल्याकडे 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्याला अपेक्षित आहे, आणि मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. कायद्यात संशोधनासाठी काही सवलत आहे, पण शीट एजन्सीकडे गेली की ते संशोधन राहत नाही. आता मागाहून सह्या गोळा करण्याचा मोह होईल. पण नाही म्हणायची संधी उत्तरं देण्याआधी मिळाली, तरच ती संमती.

म्हणून हे सगळं पुसून टाक. यात बरेच जण फसतात : फॉर्ममधली उत्तरं काढली तरी जोडलेली शीट तशीच राहते, आणि शीट पुसली तरी फॉर्ममधली उत्तरं राहतात. दोन्ही पूस, डाउनलोड केलेली प्रतही.

नव्याने करताना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे. मग पालकांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी मराठीत लिही. साधारण अशी : "हा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. खाऊच्या खरेदीबद्दल 12 प्रश्न विचारले जातील, 10 मिनिटं लागतील. नाव लिहायचं नाही. माहिती कोणत्याही कंपनीला दिली जाणार नाही. पाल्याने भाग घेतला नाही तरी शाळेत काही फरक पडणार नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसल्याने ती दिल्यावर परत काढून घेता येणार नाही." हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. खऱ्या निनावी सर्व्हेत कुणाचं उत्तर कोणतं हे तुलाच कळत नाही, मग ते परत कसं देणार? 'चिठ्ठी आली नाही म्हणजे होकार' असंही धरू नकोस.

पालकांचा होकार आला तरी मुलाला वेगळं विचारायचं. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारायला सांगितली आहे. ती आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण हा नमुना तुलाही वापरता येईल. वर्गात कागदी प्रश्नावली दे, मावशीला बाहेर थांबायला सांग, आणि कोरा कागदही पेटीत टाकता येईल असं मुलांना सांग. चिठ्ठी न आणलेल्यांना त्या वेळी चित्रकोडं दे, म्हणजे ती वेगळी पडणार नाहीत. सह्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेव, त्यांचा उत्तरपत्रिकांशी क्रमांकानेही संबंध नको.

जन्मतारखेऐवजी इयत्ता पुरे, सोसायटी कशालाच नको. उत्तरं शीटमध्ये भरलीस की ओळखू येण्याजोगे रकाने तपास. इयत्ता B मध्ये आणि मुलगा-मुलगी C मध्ये असेल तर :

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2)
```

आकडा 5 पेक्षा कमी आला तर ते गट एकत्र कर, किंवा तो रकाना अहवालातून काढ.

चिठ्ठ्या कमी येतील, कदाचित निम्म्याच. शिवाय मुलांच्या खाण्याकडे लक्ष देणारे पालकच जास्त सह्या करतील, त्यामुळे खरेदी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. अहवालाच्या 'मर्यादा' भागात हे सरळ लिही. तोंडी परीक्षेत त्यावर विचारलंच, तर तुझ्याकडे उत्तर असेल. वेळ अगदीच नसेल तर विषय फिरव आणि पालकांनाच विचार : मुलाने जाहिरात पाहून शेवटचं काय मागितलं आणि तुम्ही ते घेतलंत का? तेव्हाही त्यांची संमती लागेलच, फक्त ती त्यांची स्वतःची असेल.

लकी ड्रॉ काढूनच टाक. त्याऐवजी भाग घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांना एकेक पेन्सिल दे. काकांना आकडे हवेच असतील तर प्रोजेक्ट जमा झाल्यावर एकत्रित टक्केवारीचं पान दाखव, तेही पालकांच्या चिठ्ठीत आधी तसं लिहिलं असेल तरच.