आयक्यूचा एक आकडा, आणि त्याच्या आतलं पान

प्रश्न: शाळेने सांगितलं म्हणून सहावीतल्या मुलीची आयक्यू टेस्ट केली, ९४ आला. म्हणजे ती साधारणच राहणार का? ओळखीतले एकजण म्हणतात बुद्धिमत्ता आठ प्रकारची असते, आयक्यू जुनं झालं, त्यापेक्षा डीएमआयटी करून घ्या. काय करू?

उत्तर:

डीएमआयटी, ती बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी टेस्ट, करू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी मुलुंडला मुलांच्या टेस्ट घेते, रोजचं कामच ते, आणि तुमचे ते 'एकजण' आमच्या घरातही आहेत, माझ्या मोठ्या वन्सं. त्यांचा मुलगा पाचवीत असताना त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कोणीतरी शिबिर लावलं होतं. दहा बोटांचे ठसे स्कॅनरवर घ्यायचे आणि काही दिवसांनी चकचकीत स्पायरलची फाईल हातात द्यायची, आत पाय-चार्ट, संगीत इतके टक्के, गणित इतके टक्के. आमच्या भाच्याचं 'बॉडिली-किनेस्थेटिक', म्हणजे अंगाच्या हालचालीचं, सगळ्यात जास्त निघालं, झालं, क्लास बंद आणि क्रिकेटचं कोचिंग चालू. मुलगा तिकडे वाचताना ओळीच्या ओळी गाळतोय, फळ्यावरचं उतरवता उतरवता तास संपतोय, वहीत बाईंचा शेरा 'केअरलेस'. मी म्हटलं वन्सं, एकदा नीट टेस्ट करू, तर म्हणाल्या, "अगं तुमचं ते आयक्यू इंग्रजांच्या काळातलं, आता सगळं मल्टिपल असतं."

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात, त्यावरून मुलाला गणित जमेल का गाणं हे कळतं याला कसलाही पुरावा नाही, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने हे जाहीरपणे सांगितलंय. पण फाईल रंगीत होती ना.

शेवटी शाळेनेच चिठ्ठी पाठवली तेव्हा टेस्ट झाली. नात्यातल्या मुलाची टेस्ट आम्ही स्वतः घेत नाही, म्हणून माझ्या मैत्रिणीने घेतली, मिसिक, म्हणजे नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांच्या टेस्टवरून आपल्याकडच्या मुलांसाठी बेतलेली. एकूण आयक्यू आला १०४. वन्सं म्हणाल्या, बघ, नॉर्मल आहे, उगाच घाबरवलंस. शाळा म्हणाली नॉर्मल आहे, म्हणजे आळशी आहे. दोघांनीही पहिलंच पान वाचलं.

आतल्या पानावर असं होतं. दोन गोष्टींत सारखं काय ते सांगायचं, त्यात १२२. ठोकळे जुळवून नक्षी करायची, त्यात ११६. आकडे ऐकून सरळ आणि उलटे म्हणायचे, ८२. कोडिंग, म्हणजे वर दिलेली खूण बघून खालच्या चौकटीत भराभर उतरवायची, ७४. असे आणखीही भाग होते, मिसिकमध्ये सगळ्यांची मिळून सरासरी काढतात, म्हणून १०४. त्या मुलाच्या डोक्यात १०४ असं कुठेच काही नव्हतं, होता तो एक डोंगर आणि एक खड्डा. मैत्रिणीने समासात टिपलं होतं की कोडिंगला प्रत्येक चौकटीसाठी तो मान वर करून किल्ली बघत होता, एकही जोडी लक्षात राहत नव्हती, आणि पेन्सिल इतकी दाबून धरलेली की खुणा मागच्या पानावर उमटल्या. फळा उतरवायला तास का लागतो ते तिथेच दिसत होतं. एवढ्यावरून निदान करत नाहीत, पुढे वाचन, स्पेलिंग, लिखाणाच्या वेगळ्या चाचण्या झाल्या आणि लर्निंग डिसेबिलिटी निघाली. मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयातून सर्टिफिकेट, परीक्षेला जादा वेळ, आणि रेमेडियल, जे खरं तर दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं होतं.

आता तुमचा आठ प्रकारांचा मुद्दा. गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, निसर्गाची नंतर आली. ऐकायला फार गोड, प्रत्येक मूल कशात तरी हुशार, पालकसभेत टाळ्या. त्याचा दावा असा की या एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत. पण मोजायला गेलं की भाषा, तर्क-गणित आणि नकाशा-आकृतीची समज या तिन्ही एकमेकींच्या हातात हात घालूनच येतात, एकीत बरा असलेला बहुतेक वेळा दुसरीतही बरा. हेच स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाला १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या मार्कांत दिसलं होतं, त्या सामाईक भागाला त्याने 'जी' म्हटलं. गाणं आणि शरीराची हालचाल बरीच सुटी पडतात हे खरं, पण मग त्याला कला म्हणा, कौशल्य म्हणा, बुद्धिमत्ताच कशाला म्हणायला पाहिजे. आणि ज्यासाठी लोक 'मल्टिपल'कडे धावतात, की माझं मूल एका आकड्यात मावत नाही, ते आयक्यू टेस्टच्या आतल्या पानावर आधीपासून असतंच. कॅरोल या संशोधकाने १९९३ मध्ये चारशेहून जास्त जुन्या अभ्यासांची आकडेवारी परत मांडली, त्यातही वर एक 'जी' आणि खाली स्मरण, वेग, भाषा, आकृती असे मोठे कप्पे असंच निघालं. हजारो मुलांचा विचार केला तर एकूण आकडा कामाचा असतो, शाळेतल्या यशाचा त्याच्याइतका अंदाज दुसरं फारसं काही देत नाही. एका मुलात कप्प्यांमध्ये एवढी दरी असली की मात्र तो आकडा बाजूला ठेवायचा. वन्संना हे मी कितीदा सांगितलं, त्यांना दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात हेच पटत नाही.

तुमच्या ९४ बद्दल. सरासरी १०० आणि पसारा १५ धरून बसवलेलं असतं, म्हणून ८५ ते ११५ मध्ये सुमारे दोनतृतीयांश मुलं येतात. ९४ म्हणजे तिच्या वयाच्या शंभर मुलांत चौतीसेक तिच्या मागे, बाकी पुढे. मार्क नव्हेत, ९४ टक्केही नव्हेत, फक्त रांगेतली जागा. त्यातही पाचेक गुण इकडेतिकडे धरायचेच, त्यामुळे ८९ आणि ९९ यांच्यात कुठेही. पुढे काय होणार हे त्यावरून सांगणाऱ्याचं ऐकू नका. बिनेने १९०५ मध्ये पहिली टेस्ट केली तीच मुळी वर्गात कोणाला जादा मदत लागेल ते शोधायला.

रिपोर्टमध्ये सबटेस्टचे, म्हणजे आतल्या एकेका भागाचे आकडे नसतील तर मागून घ्या, फी भरलीये तुम्ही. सगळे ८८ ते १०० च्या आत असतील तर एक गोष्ट, ११८ आणि ७४ अशी उडी असेल तर पूर्ण वेगळी, तेव्हा वाचन-लिखाणाची तपासणी करा.

हो, आणि टेस्ट कुठली ते विचारा, कारण मिसिकचे नॉर्म, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करतात त्यांचे आकडे, १९६९ च्या आसपासचे, बिने-कामत या दुसऱ्या टेस्टचे तर त्याहून जुने, आणि जुन्या नॉर्मवर आजच्या मुलांचा आकडा फुगतो, म्हणून शेजारच्यांचा १२८ आणि तुमचा ९४ वेगळ्या टेस्टवरचे असतील तर तुलनाच करू नका. घरी मराठी आणि टेस्ट इंग्रजीतून झाली असेल तर शब्दांचे भाग खाली येतात, तेही विचारा.

आकडा वाढेल म्हणून लगेच दुसऱ्या सेंटरला पळू नका. तीच टेस्ट वर्षभराच्या आत परत दिली तर सरावानेच काही गुण वाढतात, विशेषतः ठोकळ्यांत. वन्संना आता दहावीच्या आधी तेच हवंय, १०४ चा ११० करून. मी नाही म्हटलंय.