थेट ग्राहकाला हापूस विकताना पोहोचण्याची नव्हे, तोडीची तारीख द्या

प्रश्न: "रत्नागिरी तालुक्यात आमची सत्तर कलमांची बाग आहे. यंदा माल वाशीला न पाठवता फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून पुण्या-मुंबईला थेट पेट्या विकायच्या आहेत. अनोळखी लोक विश्वास कसा ठेवतील, फोटो कोणते टाकावेत आणि पेटी कधी मिळेल म्हणून सांगावे?"

पावसच्या बाजूला माझीही लहानशी बाग आहे आणि काही वर्षे मी याच पद्धतीने पेट्या विकतो आहे. तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेतो, कारण माझे हात तिथेच पोळले.

2025 साली अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती आणि "तृतीयेला घरी हापूस" असे लिहून मी 38 पेट्यांची मागणी आगाऊ पैशांसह घेतली. हापूस तोडल्यापासून खाण्याजोगा व्हायला साधारण आठ ते दहा दिवस घेतो. म्हणजे 20 एप्रिलपर्यंत तोड व्हायला हवी होती, पण माझ्या कलमांवरचे फळ त्या दिवशी तयारच नव्हते. देठाशी खळगा पडून दोन्ही खांदे वर आल्याशिवाय फळ उतरवायचे नसते. मी 24 तारखेपर्यंत थांबलो, तोड केली आणि 27 तारखेला पेट्या पोहोचल्या. 30 तारखेला पुण्याच्या एका ताईंचा निरोप आला: "तुमचे आंबे दगडासारखे आहेत, नैवेद्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले." फळात खोट नव्हती, मे महिन्याच्या सुरुवातीला ते उत्तम पिकले, पण मी दिलेला शब्द खोटा ठरला होता.

त्यानंतर मी पोहोचण्याची तारीख देणे सोडले. आता लिहितो, "तोड 22 ते 25 एप्रिलच्या दरम्यान होईल, तोडीच्या दिवशी निरोप येईल, त्यानंतर दोन-तीन दिवसांत पेटी मिळेल आणि फळ पुढे साधारण आठवडाभर पेंढ्यात ठेवावे लागेल." सणासाठी हवे असेल आणि दिवस जुळत नसतील तर मागणी घेत नाही. गाडी उशिरा गेली तर नुकसान नुसत्या उशिराचे नसते: बंद, तापलेल्या गोदामात पेटी दोन दिवस राहिली की फळे एकसारखी पिकत नाहीत आणि काही सुरकुततात. म्हणून पेटी संध्याकाळी निघेल अशा बेताने सकाळी लवकर तोड करतो आणि पेट्या भरेपर्यंत माल सावलीत ठेवतो.

फोटोंबाबत बहुतेकांची चूक एकच: पिवळ्याधमक आंब्याचा फोटो टाकतात आणि ग्राहकाच्या हाती हिरवा आंबा पडतो. तोडीच्याच दिवशी उघड्या पेटीचा फोटो काढा, त्यात चिकाचे डाग असलेली दोन फळेही दिसू द्या, नाहीतर ग्राहक ते कुजल्याचे डाग समजतो. एक फळ वजनकाट्यावर ठेवून ग्रॅमचा आकडा दिसेल असाही एक फोटो हवा. हे का, तर शहरातला माणूस डझनाचा भाव पाहतो. तेवढ्याच पेटीत चार डझन मोठी फळे बसतात किंवा सात डझन लहान, हे त्याला ठाऊक नसते. 250 ग्रॅमचे फळ म्हणजे डझनाला 3 किलो, एवढे सरळ सांगितले की भावाची निम्मी घासाघीस तिथेच संपते.

विश्वास बसतो तो मात्र पैसे दिल्यानंतरच्या एका फोटोने. प्रत्येक तोडीतली सहा फळे मी घरी आढीत ठेवतो आणि पिकल्यावर कापून त्या तोडीच्या सगळ्या ग्राहकांना दाखवतो. साका बाहेरून कळत नाही. फळ कापल्यावरच गराचा पांढुरका, स्पंजासारखा भाग दिसतो. माझ्या सहात एक जरी तसे निघाले तरी तक्रार येण्याआधी मीच कळवतो, की कापलेल्या फळाचा फोटो पेटीवरच्या चिठ्ठीसह पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील. चिठ्ठीवर तोडीची तारीख आणि पेटीचा क्रमांक असतो. त्यामुळे कुठल्या तोडीत साका जास्त निघाला हेही मला समजते. झाडावर फार पक्व होऊ दिलेल्या किंवा तोडीनंतर उन्हात पडून राहिलेल्या मालात तो अधिक आढळतो.

नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी एकच पेटी द्या. दुसऱ्याचे फोटो उचलून आगाऊ पैसे घेणारे लोक आहेत, त्यामुळे कोणी पुरावा मागितला तर रागावू नका. त्याचे नाव कागदावर लिहून, तो कागद झेल्याशेजारी धरून झाडाखालून छोटा व्हिडिओ पाठवा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुम्हाला नोंदणी करता येते आणि तो क्रमांक पेटीवर छापता येतो. फक्त "देवगड" हा शब्द खपतो म्हणून रत्नागिरीच्या मालावर तो लावू नका; आमच्या वाडीत एकाने लावला होता, आणि पुढच्या मोसमात त्याचे जुने ग्राहक मला फोन करत होते.