एकच अपडेट, वाचणारे तिघं: 'करा', 'कर' की 'कराल का'?

प्रश्न: 'मी नाशिकला अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे. प्रोजेक्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेब, परचेसचा माझ्या बरोबरीचा मित्र आणि टेस्टिंगचा ज्युनियर तिघंही आहेत. एकाच अपडेटमध्ये तिघांना काही ना काही सांगायचं असतं. तू-तुम्ही-आपण कसं सांभाळू?'

सर्वनामाची काळजी थोडी कमी करा आणि क्रियापदाकडे बघा. मराठीत सर्वनाम गाळलं तरी वाक्य चालतं, पण क्रियापद मात्र समोरच्याला कुठे बसवलंय ते सांगून जातंच. समजा तुमचा मेसेज असा आहे (नावं उदाहरणापुरती): 'सर, रिले अजून आला नाही, टेस्टिंग पुढे गेलं, तुम्ही कस्टमरला कळवा. निलेश, तुम्ही परचेसने फॉलोअप घ्यावा. अमोल, जमलं तर कंटिन्युइटी बघ.' माहिती सगळी खरी आहे, पण तिघांसोबतही टोन चुकलाय आणि तिघांचा वेगवेगळ्या कारणाने.

आधी साहेब. 'कळवा' हे अनेकवचन आहे म्हणून आदरार्थी वाटतं, पण आहे तो आज्ञार्थच, आणि खालून वर गेलेला आज्ञार्थ 'सर' लावल्याने मऊ होत नाही. मग लोक काय करतात तर 'कृपया कळवावे' असं लिहितात, म्हणजे विध्यर्थ. त्याने तर अजूनच बिघडतं कारण 'नोंद घ्यावी', 'उपस्थित राहावे' ही भाषा आपल्या डोक्यात परिपत्रकाची आहे, ती वरून खाली येते. साहेबांना 'लक्ष द्यावे' लिहिलं की तुम्हीच त्यांना नोटीस काढल्यासारखं दिसतं. इथे भविष्यकाळी प्रश्न कामाला येतो: 'कळवाल का?' आणि त्याला पर्याय जोडला तर अजून बरं, 'तुम्ही कळवाल का, की मी मेल करू?' म्हणजे निर्णय त्यांच्या हातात राहतो आणि काम लटकतही नाही.

साहेबांच्या बाबतीत 'आपण'पासूनही जरा सांभाळून. 'आपण कस्टमरला कळवू' म्हटलं की त्यांना वाटतं तुम्ही कळवणार, तुम्हाला वाटतं ते कळवणार, आणि शुक्रवारी कस्टमरचाच फोन येतो. त्यात 'आपण' म्हणजे आदराने 'तुम्ही' हाही अर्थ होतो, म्हणजे गोंधळ दुप्पट. सगळ्यांनी मिळून ठरवायचं असेल तिथे 'आपण' झकास, काम एका माणसाचं असेल तिथे नको. आणि 'आम्ही वायरिंग पूर्ण केलं' ऐवजी नुसतं 'वायरिंग झालंय' लिहा, कारण 'आम्ही' म्हटलं की साहेब आपोआप बाहेर राहतात. पण हे 'झालंय', 'राहिलंय' फक्त कामाच्या स्थितीसाठी ठेवा. चूक तुमची असेल तर 'मेल जायचा राहिला' लिहून कर्ता गायब करू नका, साहेब लोकांना ती युक्ती पाठ असते, त्यांनी ती स्वतः वापरलेली असते!

आता निलेश, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा हीच. चहाच्या टपरीवर ज्याला 'अरे तुझा रिले कुठे अडकला' म्हणता त्याला ग्रुपवर साहेबांसमोर एकदम 'तुम्ही' केलं तर त्याला तो आदर वाटत नाही, त्यात तो भांडण वाचतो. आपल्याकडे रोजच्या 'तू'वरून अचानक 'तुम्ही' हे रुसण्याचं नाहीतर टोमण्याचं लक्षण आहे, घरात विचारा कुणालाही. त्यात 'तुम्ही परचेसने' म्हणजे अख्खं डिपार्टमेंट साहेबांपुढे उभं केलं. 'तू' लिहायला ग्रुपवर संकोच वाटत असेल तर सर्वनाम सोडून द्या, 'एलआर कॉपी ३ पर्यंत इथे टाकशील का?' यात 'तू' कुठेच दिसत नाही पण मैत्री शाबूत. बरोबरीच्या माणसाला वस्तू आणि वेळ दोन्ही सांगायचं, 'फॉलोअप घे' असं मोघम नको, कारण तो फॉलोअप घेतच असतो बिचारा.

अमोलच्या बाबतीत उलटंच झालंय, तिथे मऊपणा जास्त झालाय. 'जमलं तर बघ' हे साहेबांना चाललं असतं, पण ज्युनियर त्याचा अर्थ 'नाही केलं तरी चालेल' असा काढतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याला सरळ आज्ञार्थ द्यायचा, फक्त शेवटचं सहायक क्रियापद निवडून. 'करून टाक' म्हटलं की उरकण्याची घाई येते, टेस्टिंगला ती नकोच. 'करून दे' म्हणजे काम तुमचं, तो मदत करतोय. 'करून घे' म्हणजे त्याचं त्याने बघावं. 'करून ठेव' मध्ये पुढच्या टप्प्याची तयारी आहे आणि इथे तेच हवंय, रिले नसला तरी बाकीच्या वायरिंगची कंटिन्युइटी तपासता येते. आणि 'अमोलने अजून टेस्ट केली नाही' असं साहेबांसमोर लिहू नका, 'कंटिन्युइटी बाकी आहे' पुरे, 'का केली नाही' ते त्याला वेगळं विचारा.

मग मेसेज साधारण असा होईल:

'सर, पॅनलचं वायरिंग झालंय. रिले बुधवारऐवजी गुरुवारी येतोय, त्यामुळे टेस्टिंग शुक्रवारी आणि डिस्पॅच शनिवारी. कस्टमरला नवी तारीख आज तुम्ही कळवाल का, की मी मेल करू?
निलेश, रिलेची एलआर कॉपी दुपारी ३ पर्यंत इथे टाकशील का? माल निघाला नसेल तर नाशिकच्या डीलरकडून घ्यायचा का ते लगेच ठरवू.
अमोल, रिलेची वाट बघू नको. कंटिन्युइटी आज करून ठेव आणि रीडिंग शीटचा फोटो ६ पर्यंत टाक. ड्रॉइंगशी काही जुळलं नाही तर मला फोन कर.'

तारखा तिघांसाठी त्याच आहेत हे बघा. साहेबांना 'थोडा उशीर' आणि अमोलला 'शनिवार' असं करायचं नाही, एकाच ग्रुपवर तर नाहीच नाही.

टोन बसला का ते उत्तरावरून कळतं. 'करतो' आलं तर काम होणार. 'बघतो' आलं तर मराठी माणसाने अर्धा नकार दिलाय असं समजा आणि फोन लावा. साहेबांकडून नुसता अंगठा आला तर तुम्ही प्रश्न विचारलाच नव्हता, किंवा तो तिसऱ्या ओळीत बुडाला, म्हणून त्यांचं पहिल्या परिच्छेदातच ठेवा.

एक अडचण राहते, हुद्द्याने खालचा पण वयाने मोठा माणूस, वीस-पंचवीस वर्षं अंबड-सातपूरला काढलेला वायरमन वगैरे. तिथे वय जिंकतं. 'काका, फेरूल तेवढे तपासून ठेवाल ना?' हेच बरोबर, भले तुम्ही इंजिनियर असाल.

आणि सेफ्टीचं वाक्य असेल तर ही सगळी उतरंड बाजूला. 'इलेक्ट्रॉनिक कार्ड काढल्याशिवाय मेगर लावू नका.' साहेबांसकट सगळ्यांना हेच, 'लावाल का' वगैरे काही नको. 'लावू नये' पण नको, ते भिंतीवरच्या पाटीसारखं वाटतं आणि ते आपल्याला उद्देशून आहे असं कुणालाच वाटत नाही.