वडिलांचा घोळणा वारंवार फुटतो
प्रश्न: वडील ७२ वर्षांचे. महिन्यात तिसऱ्यांदा नाकातून रक्त आलं. काय करावं?

त्यांना बसवून पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून सलग १० ते १५ मिनिटं दाबा. मध्ये सोडून बघू नका. मी कान-नाक-घसा विभागात परिचारिका आहे. बहुतेक जण वरचं हाड दाबतात, त्यानं रक्त थांबत नाही. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरतं, उलटी होते. तोंडात आलेलं थुंकू द्या. अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठा.

तिसरी वेळ आहे, म्हणून आता थांबलं तरी तपासणी हवीच: रक्तदाब, रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून नाक. एकाच नाकपुडीतून येत असेल, ती चोंदत असेल, तर आणखी लवकर. क्वचित आत गाठ असते. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण मनानं बंद करू नका.