अवजड घंटा आणि तोफा: साचा खड्ड्यातच का?

प्रश्न: मुलुखमैदानसारखी तोफ किंवा मोठी घंटा एकाच तुकड्यात ओतायची, तर साचा जमिनीत का पुरत?

कारण वितळलेला रस साचा फोडायला बघतो. पितळ-कांशाचा रस पाण्याच्या जवळपास आठपट जड. साचा 4 मीटर उभा असेल, तर बुडाशी दर चौरस मीटरला 32 टनांच्या आसपास दाब येतो. नुसती मातीची भिंत तो सोसत नाही. म्हणून साचा खड्ड्यात उभा करून भोवती माती थराथराने धुमसतात. आतला गाभाही बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तो रसात लाकडासारखा वर येतो.

दुसरं, तेव्हा टनभर रस उचलणारी क्रेन कुठे होती? भट्ट्या खड्ड्याच्या काठावर, साच्याच्या तोंडापेक्षा उंच. भोक फोडलं की रस पाटाने आपोआप आत. एक भट्टी पुरत नसे, म्हणून अनेक एकदम सोडत. मध्ये खंड पडला तर थिजलेल्या थरावर नवा रस नीट चिकटत नाही आणि तिथेच भेग राहते.

खरा वेळखाऊ भाग म्हणजे वाळवण. आमच्या नागपुरात हिंगण्याच्या एका छोट्या कारखान्यात मी जेमतेम 20 किलोच्या घंटेचा साचा फसलेला पाहिलाय. वरून कोरडा, आत ओल. रस पडताच फडफड आवाज, ठिणग्या, आणि घंटेला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. मोठ्या साच्यात हीच वाफ जीव घेते, म्हणून पुरण्याआधी गाभ्यात आणि बाहेरून दिवसच्या दिवस जाळ घालत.

तोफेचं तोंड वर ठेवून जास्तीचा रस भरत. मळ आणि बुडबुडे तिथे जमत. तेवढा तुकडा नंतर कापून टाकायचा.