कंपनीच्या खात्यावर नवीन सह्यांचे अधिकार: ठराव आणि बँकेचं पत्र

प्रश्न: आमचे एक संचालक सोडून गेले. त्यांच्या जागी दोन नवीन माणसांना बँकेत सहीचा अधिकार द्यायचा आहे. ठरावात आणि पत्रात नेमकं काय लिहायचं?

उत्तर: आधी ठराव, मग पत्र. बँक अधिकार ठरावावरून ओळखते, त्यामुळे सगळी काळजी ठरावाच्या शब्दांत घ्या.

समजा श्री. क गेले, श्री. अ आहेत तेच राहणार आणि लेखा विभागातले ब व ड नव्याने येणार. इथे ‘कोणतेही दोघे’ असं लिहिलंत, तर ब आणि ड मिळून कितीही रक्कम काढू शकतील, संचालकाची सही लागणारच नाही. म्हणून गट पाडा:

> “ठराव करण्यात येतो की, ___ बँक, ___ शाखा येथील कंपनीच्या चालू खाते क्र. ___ बाबतचे यापूर्वीचे सर्व ठराव अधिक्रमित करून, दिनांक ___ पासून हे खाते पुढीलप्रमाणे चालवले जाईल: प्रत्येक व्यवहार पाच लाखांपर्यंत असल्यास गट २ मधील दोघे (ब व ड) संयुक्तपणे, त्याहून अधिक असल्यास गट १ मधील श्री. अ आणि गट २ मधील कोणीही एक, संयुक्तपणे.
>
> पुढे ठराव करण्यात येतो की, श्री. क यांचा सहीचा अधिकार त्याच दिनांकापासून रद्द करण्यात येत आहे.”

‘अधिक्रमित करून’ हे शब्द गाळले तर जुना आणि नवा असे दोन्ही ठराव बँकेच्या दफ्तरी राहतात आणि कोणता लागू हा वाद उभा राहतो. ‘प्रत्येक व्यवहार’ही हवंच. नुसतं ‘पाच लाखांपर्यंत’ म्हटलं तर ती मर्यादा एका चेकची की दिवसभराची, हे काउंटरवरचा माणूस ठरवणार.

पत्र छोटं पुरे, कंपनीच्या लेटरहेडवर:

> “दि. ___ च्या संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. त्यानुसार श्री. ब व श्री. ड यांच्या नमुना सह्या नोंदवाव्यात आणि श्री. क यांची सही रद्द करावी. श्री. क यांच्या सहीचे, ___ पूर्वी दिलेले चेक क्र. ___ ते ___ वटवावेत.”

शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात. मग पुरवठादाराकडे आधीच गेलेला चेक ‘सही अधिकृत नाही’ म्हणून परत येतो. असे चेक बाकी नसतील तर तेही पत्रात स्पष्ट लिहा.

पत्रावर सध्या बँकेच्या नोंदीत असलेल्या अधिकाऱ्याची, म्हणजे इथे श्री. अ यांची सही घ्या. ठरावाची प्रत मात्र शक्यतो अधिकार न मिळणाऱ्या संचालकाने किंवा कंपनी सचिवाने प्रमाणित करावी. ज्याला अधिकार मिळतोय त्यानेच प्रमाणित केलेली प्रत बँका सहसा मागे पाठवतात. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच, पूर्ण लिहा. ठरावात आद्याक्षरं आणि ओळखपत्रावर पूर्ण नाव, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो.

इंटरनेट बँकिंगचे अधिकार बहुतेक ठिकाणी वेगळे नोंदलेले असतात. चेकवरची सही रद्द झाली तरी श्री. क यांचं लॉगिन चालू राहू शकतं. ते बंद करायचा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या आणि दोन्हींची पोच शिक्क्यासह घ्या.